कर्जाचा हप्ता, एकूण व्याज आणि ज्यादा भरणा एक्सेलमध्ये: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची सगळी उत्तरं एकाच उदाहरणावर बेतली आहेत. लातूरमध्ये घरासाठी १५ लाखांचं कर्ज, व्याजदर वार्षिक ९ टक्के, मुदत १५ वर्षं, हप्ता दरमहा. घरात एक पगार आहे आणि गावाकडं थोडी जमीन. त्यामुळं सोयाबीन मोंढ्यावर गेलं की नोव्हेंबरात एकरकमी काही पैसे हातात येतात. ते कर्जात भरले तर नेमकं काय होतं, हे शीटमध्ये कसं बघायचं, ते इथं सांगितलं आहे. पहिला हप्ता डिसेंबरात धरला आहे, म्हणजे १२ वा हप्ता बरोबर पुढच्या नोव्हेंबरात येतो. फॉर्म्युले एक्सेल, गुगल शीट्स आणि लिबरऑफिस कॅल्क या तिन्हींत चालतात.

प्रश्न: हप्ता काढायचा फॉर्म्युला कोणता आणि तो कसा टाकायचा?

फंक्शनचं नाव `PMT`. त्याला तीन गोष्टी याच क्रमानं लागतात: एका हप्त्याच्या कालावधीचा व्याजदर, एकूण हप्त्यांची संख्या आणि कर्जाची रक्कम. आकडे थेट फॉर्म्युल्यात कोंबू नका. वेगळ्या सेलमध्ये ठेवले तर नंतर एक आकडा बदलून सगळं चित्र पाहता येतं.

A रकान्यात नावं लिहा आणि B मध्ये आकडे. `B1` मध्ये कर्ज 1500000, `B2` मध्ये वार्षिक दर 9%, `B3` मध्ये वर्षं 15, `B4` मध्ये वर्षातले हप्ते 12. मग `B5` मध्ये हप्ता आणि `B6` मध्ये एकूण व्याज:

```
B5:  =ROUND(PMT(B2/B4,B3*B4,-B1),0)
B6:  =B5*B3*B4-B1
```

`B5` मध्ये १५,२१४ आणि `B6` मध्ये १२,३८,५२० दिसायला हवं. म्हणजे १५ लाखांच्या कर्जापोटी एकूण २७,३८,५२० रुपये जाणार. हे दोन आकडे जुळल्याशिवाय पुढं जाऊ नका, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

आकडे इंग्रजी अंकांत टाइप करा आणि मध्ये स्वल्पविराम देऊ नका.

प्रश्न: माझ्याकडं हप्ता उणे येतो, तोही लाल रंगात आणि डॉलरच्या चिन्हासह. काय चुकलं?

गणित चुकलेलं नाही. `PMT` पैशाची दिशा बघतं. हातात आलेली रक्कम अधिक धरली की खिशातून जाणारा हप्ता उणे येतो. वर `-B1` असं लिहिलंय ते त्यासाठीच, की हप्ता अधिक दिसावा. डॉलर दिसतो कारण त्या संगणकाची प्रादेशिक सेटिंग अमेरिकेची आहे. सेलचं फॉरमॅट बदललं की जातो.

आपल्याकडच्या लाख-कोटींप्रमाणं स्वल्पविराम हवे असतील तर सेल फॉरमॅटमध्ये कस्टम निवडून हे चिकटवा. उणे आकड्यांना मात्र ते नीट लागू होत नाही.

```
[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0
```

प्रश्न: उत्तर भलतंच येतंय. चूक कुठं आहे हे कसं ओळखायचं?

आलेल्या आकड्यावरूनच बहुतेक चुका ओळखता येतात. याच उदाहरणात हप्ता १,३५,००० आला तर दराला १२ नं भागायचं राहिलंय. शीटनं वर्षाचं व्याज दरमहा लावलं आहे आणि १५ लाखांवर ९ टक्के म्हणजे बरोबर १,३५,०००. हप्ता १ लाख ६ हजारांच्या आसपास आला तर हप्त्यांच्या जागी १५ गेलेत, १८० नाही. ११,२५,००० आला तर `B2` मध्ये 9% ऐवजी नुसतं 9 पडलंय, म्हणजे दर ९०० टक्के झाला.

सगळ्यात फसवी चूक स्वल्पविरामाची. कुणी सवयीनं असं लिहितं:

```
=PMT(9%/12,180,-15,00,000)
```

हप्ता येतो ०.१५ रुपये. शीट कुठलीच तक्रार करत नाही, कारण `PMT` ला चौथा आणि पाचवा आकडाही चालतो: शेवटी शिल्लक ठेवायची रक्कम, आणि हप्ता महिन्याच्या सुरुवातीला की अखेरीस. त्यामुळं कर्ज १५ रुपयांचं आणि उरलेली शून्यं त्या दोन जागांवर, असं ते वाचतं.

एक साधी चाचणी कायम करा. पहिल्या महिन्याचं व्याज तोंडी काढा: १५ लाखांचे ९ टक्के म्हणजे १,३५,००० आणि त्याला १२ नं भागलं की ११,२५०. हप्ता याहून मोठाच असला पाहिजे. तो याच्याएवढा किंवा कमी असेल तर कर्ज कधीच फिटणार नाही.

प्रश्न: वर्षभर हप्ते भरले तरी मुद्दल फारसं हललेलं नाही. बँकेची चूक आहे का?

बहुतेक वेळा नाही. पहिल्या हप्त्याच्या १५,२१४ पैकी ११,२५० व्याजात जातात आणि मुद्दलातून फक्त ३,९६४ कमी होतात. पहिल्या बारा हप्त्यांत किती व्याज गेलं ते एका ओळीत निघतं:

```
=-CUMIPMT(B2/B4,B3*B4,B1,1,12,0)
```

उत्तर १,३२,९८८. भरले १,८२,५६८, त्यातून मुद्दल फिटलं ४९,५८० आणि बाकी राहिली सुमारे १४,५०,४२०. खाते उताऱ्यात वर्षअखेरीस याच्या जवळपासचा आकडा असेल तर हिशोब ठीक आहे.

इथं `B1` ला उणे लावू नका. `CUMIPMT` ला कर्जाची रक्कम अधिकच लागते, नाहीतर `#NUM!` येतं. शेवटचं 0 सुद्धा गाळायचं नाही.

प्रश्न: ज्यादा भरणा या फॉर्म्युल्यात कुठं टाकायचा?

`PMT` मध्ये त्याला जागाच नाही. सगळे हप्ते सारखे आणि मध्ये काही घडत नाही असं ते धरून चालतं. ज्यादा रक्कम दाखवायची तर दर हप्त्याला एक ओळ असा तक्ता करावा लागतो. भीती वाटावी एवढं ते मोठं काम नाही. दोन ओळी नीट लिहायच्या आणि बाकीच्या खाली ओढायच्या.

१० व्या ओळीत मथळे द्या: हप्ता क्रमांक, सुरुवातीची बाकी, व्याज, हप्ता, ज्यादा, अखेरची बाकी. ११ व्या ओळीत:

```
A11: 1
B11: =B1
C11: =ROUND(B11*$B$2/$B$4,2)
D11: =MIN($B$5,B11+C11)
F11: =B11+C11-D11-E11
```

`E11` रिकामं सोडा, तो ज्यादा भरण्याचा रकाना आहे. १२ व्या ओळीत दोनच गोष्टी वेगळ्या:

```
A12: =A11+1
B12: =F11
```

`C11`, `D11`, `F11` हे १२ व्या ओळीत कॉपी करा. मग `A12` ते `F12` निवडून २५० व्या ओळीपर्यंत ओढा. हप्ते १८० आणि ओळी २४० का, हे व्याजदराच्या प्रश्नात येईल. `D` मधलं `MIN` शेवटच्या हप्त्यासाठी आहे. बाकी हप्त्यापेक्षा कमी उरली की तेवढीच रक्कम घेतली जाते आणि त्याखालच्या ओळींत शून्य येत राहतं.

आता वर दोन सेल वाढवा. `B7` मध्ये प्रत्यक्ष लागणारे हप्ते, `B8` मध्ये प्रत्यक्ष जाणारं व्याज:

```
B7:  =COUNTIF(D11:D250,">0")
B8:  =SUM(C11:C250)
```

ज्यादा रकाना रिकामा असताना `B7` मध्ये १८० आणि `B8` मध्ये `B6` एवढाच आकडा हवा. पैशांच्या पूर्णांकामुळं रुपया इकडं तिकडं होतो, त्याकडं लक्ष देऊ नका.

दुसऱ्या ओळीतलं व्याज ११,२२०.२७ आलं का ते बघा. तिथं भलताच आकडा किंवा शून्य असेल तर `$` चिन्हं राहिली आहेत. ती नसली की फॉर्म्युला खाली ओढताना `B2` चं `B3` होतं, म्हणजे व्याजदराच्या जागी वर्षं वाचली जातात. पहिली ओळ बरोबर आणि दुसरी बिघडलेली दिसली की कारण नव्वद टक्के वेळा हेच.

प्रश्न: एकदाच एक लाख भरले तर किती फरक पडतो?

१२ व्या हप्त्यासोबत भरले असं धरू. १२ वा हप्ता २२ व्या ओळीत आहे, म्हणून `E22` मध्ये 100000 टाका. `F22` मध्ये बाकी १३,५०,४२० होते. वर `B7` मध्ये १८० चे १५९ झाले आणि `B8` मध्ये व्याज सुमारे १०,१३,६८० वर आलं. म्हणजे २१ हप्ते वाचले आणि व्याजात जवळपास २,२४,८०० रुपये कमी गेले.

तोच लाख आता `E22` मधून काढून `E130` मध्ये टाका, म्हणजे दहा वर्षांनी, १२० व्या हप्त्यासोबत. हप्ते १७१ राहतात, त्यातला शेवटचा तर जेमतेम साडेसातशेचा. वाचलेलं व्याज साधारण ५१,४०० रुपये.

रक्कम एकच असून फरक चौपटीहून जास्त आहे. कारण पहिल्या वर्षाअखेर भरलेल्या लाखावरचं व्याज उरलेली जवळजवळ चौदा वर्षं टळतं, दहाव्या वर्षी भरलेल्यावरचं फक्त पाच. कर्ज अर्ध्याहून जास्त फिटल्यावर ज्यादा भरण्याची घाई करण्यात फारसा अर्थ नाही असं आमचं मत आहे. तो पैसा हातात ठेवलेला बरा.

प्रश्न: बँकेत ज्यादा रक्कम भरली, पण हप्ताच कमी झाला. हे चांगलं की वाईट?

या पानावरचा सगळ्यात महागडा प्रश्न हाच. ज्यादा रकमेनंतर दोन वाटा असतात. हप्ता तोच ठेवून मुदत कमी करायची किंवा मुदत तीच ठेवून हप्ता कमी करायचा. वरचा तक्ता पहिली वाट धरतो. दुसऱ्या वाटेनं काय झालं असतं ते असं बघा. १२ व्या हप्त्यानंतर बाकी १३,५०,४२० आणि उरलेले हप्ते १६८:

```
=PMT(9%/12,168,-1350420)
```

नवा हप्ता येतो १४,१६५. दरमहा १,०४९ रुपयांची सवलत मिळाली, ऐकायला बरं वाटतं. १६८ महिन्यांत ती होते सुमारे १,७६,२००. त्यातून भरलेला लाख वजा करा, म्हणजे खरी बचत ७६,२०० च्या आसपास. पहिल्या वाटेनं हीच बचत २,२४,८०० होती.

महिन्याचा खर्च भागत नसेल तर हप्ता कमी करून घेण्यात गैर काही नाही. पण १५,२१४ सहज जात असतील तर मुदतच कमी करून घ्या. हे बँक आपल्या मनानं करेल असं धरून चालू नका. शाखेत लेखी अर्ज द्या: अमुक रक्कम मुद्दलात जमा करावी, हप्ता आहे तोच ठेवावा आणि मुदत कमी करावी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या आणि परतफेडीचा नवा तक्ता मागून घ्या.

आणखी एक भानगड होते. ज्यादा रक्कम कधीकधी पुढचे हप्ते आगाऊ भरल्यासारखी खात्यात पडून राहते. ओळखायचं कसं? खाते उताऱ्यात त्या तारखेला मुद्दलाची बाकी पूर्ण लाखानं खाली आली का ते बघा. ती तशीच असेल किंवा पुढचे काही महिने हप्ताच कापला गेला नसेल, तर रक्कम मुद्दलात गेलेली नाही.

प्रश्न: दरवर्षी सोयाबीनच्या पट्टीतून २५ हजार भरायचे ठरवले तर?

ज्यादा रकान्यात हाताने दर बाराव्या ओळीला आकडा टाकता येतो, पण फॉर्म्युला बरा. `25000` साठी वर एक सेल ठेवू, `D1` समजा. मग `E11` मध्ये हे लिहून खाली ओढा:

```
=IF(MOD(A11,12)=0,MIN($D$1,B11+C11-D11),0)
```

`MOD` हप्ता क्रमांकाला १२ नं भागून बाकी बघतं. बाकी शून्य आली की तो नोव्हेंबर. आतलं `MIN` यासाठी, की शेवटी कर्ज दोन-तीन हजारच उरलं असताना तक्त्यानं २५ हजार भरू नयेत.

`D1` मध्ये २५,००० असताना हप्ते १४४ होतात, म्हणजे बरोबर तीन वर्षं आधी कर्ज फिटतं. व्याज सुमारे ९,५४,१४० जातं. अकरा नोव्हेंबरांत मिळून २,७५,००० भरले आणि व्याजात साधारण २,८४,४०० वाचले.

सोयाबीनचा भाव दरवर्षी सारखा नसतो आणि ऐन काढणीत परतीचा पाऊस आला तर पट्टीत काही उरतही नाही. अशा वर्षासाठी त्या ओळीतला फॉर्म्युला पुसून हाताने 0 किंवा जमेल ती रक्कम टाका. बाकीच्या ओळी आपोआप नवा हिशोब मांडतात. एखादं वर्ष गेलं म्हणून सगळं बिघडत नाही, हे शीटमध्ये शून्य टाकून बघितलं की कळतं. फक्त हाताने टाकलेली रक्कम बाकीपेक्षा जास्त झाली तर `F` रकान्यात उणे आकडा येतो आणि खालचं सगळं बिघडतं. तो दिसला की रक्कम कमी करा.

एकरकमी जमत नसेल तर दरमहा २,००० जास्त भरण्याचा परिणामही जवळपास असाच आहे: `E11` मध्ये `=MIN(2000,B11+C11-D11)` टाकून खाली ओढा, हप्ते १४२ येतील.

प्रश्न: एवढा तक्ता न करता लवकर अंदाज घ्यायची सोय आहे का?

`NPER` आहे. बाकी, हप्ता आणि दर दिला की उरलेले हप्ते सांगतं:

```
=NPER(9%/12,-15214,1350420)
```

उत्तर १४६.६५. म्हणजे १४६ पूर्ण हप्ते आणि एक छोटा. हप्ता उणे आणि बाकी अधिक, हे सांभाळा. दोन्ही अधिक लिहिलं तर उत्तर −६८.२९ असं येतं. `#NUM!` आलं तर दिलेला हप्ता महिन्याच्या व्याजालाही पुरत नाही. १५ लाखांवर ११,००० चा हप्ता टाकून बघा, हेच येईल.

प्रश्न: मध्येच व्याजदर बदलला तर शीटमध्ये काय करायचं?

घरकर्ज बहुतेक बदलत्या दराचं असतं. बँकांनी १ ऑक्टोबर २०१९ पासून दिलेली अशी नवी कर्जं बाहेरच्या मानक दराला, बहुतेक ठिकाणी रेपो दराला, जोडलेली आहेत. म्हणून दराचा वेगळा रकाना ठेवणं चांगलं. `G11` मध्ये `=$B$2`, `G12` मध्ये `=G11` लिहून खाली ओढा आणि व्याजाचा फॉर्म्युला बदला:

```
C11: =ROUND(B11*G11/$B$4,2)
```

हाही खाली ओढा. आता समजा २५ व्या हप्त्यापासून दर ९.५ टक्के झाला. २५ वा हप्ता ३५ व्या ओळीत, म्हणून `G35` मध्ये 9.5% टाका. पुढच्या ओळी तोच दर उचलतात. ज्यादा भरणा नसेल तर `B7` मध्ये १८० चे १८९ होतात: हप्ता एक रुपयानंही वाढला नाही, पण कर्ज नऊ महिने लांबलं. म्हणूनच तक्ता २५० व्या ओळीपर्यंत ओढायला सांगितलं. १९० व्या ओळीला थांबला असता तर शेवटी `F` मध्ये बाकी उरली असती आणि `B7` खुशाल १८० दाखवत बसलं असतं. तक्त्याच्या शेवटच्या ओळीत `F` शून्य आहे का, हे दर बदलताना न चुकता बघा.

मुदत वाढू द्यायची नसेल तर २४ हप्त्यांनंतरच्या १३,९६,१८९ बाकीवर `=PMT(9.5%/12,156,-1396189)` काढा. हप्ता सुमारे १५,६१७ येतो, म्हणजे महिना ४०३ जास्त. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या सूचनांप्रमाणं दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, ही निवड कर्जदाराला द्यावी लागते. बँकेनं न विचारता मुदत वाढवलेली दिसली तर शाखेत जाऊन तसं सांगता येतं.

प्रश्न: ज्यादा भरल्यावर दंड लागतो का?

बदलत्या दराचं घरकर्ज वैयक्तिक नावावर असेल तर नाही. रिझर्व्ह बँकेनं २०१२ मध्येच बँकांना तशी मनाई केली. ठरावीक दराच्या कर्जाला शुल्क असू शकतं, ते मंजुरीपत्रात वाचा. २ टक्के शुल्क असेल तर लाखावर २,००० गेले. ते शीटमधल्या वाचलेल्या व्याजातून वजा करून बघा.

प्रश्न: ट्रॅक्टरचा हप्ता सहा महिन्यांनी असतो. तेव्हा हीच शीट चालते का?

चालते, `B4` मध्ये 12 ऐवजी 2 टाका. ६ लाखांचं कर्ज, १२ टक्के, ५ वर्षं असं धरलं तर हप्ता ८१,५२१ येतो, असे दहा. एकूण व्याज २,१५,२१०. इथं सवयीनं दराला १२ नं भागून हप्ते मात्र १० धरले, तर हप्ता ६३,३४९ येतो आणि कर्ज एकदम स्वस्त वाटू लागतं. तो आकडा चुकीचा आहे: त्यात दहा महिन्यांचं कर्ज मोजलं गेलं आहे, पाच वर्षांचं नाही.

याच कर्जाचा मासिक हप्ता १३,३४७ आला असता आणि एकूण व्याज २,००,८२० गेलं असतं. म्हणजे सहामाही हप्त्याची सोय साधारण १४,४०० रुपयांना पडते, कारण मुद्दल सहा महिने न हलता राहतं. शेतीचा पैसा दरमहा येत नाही, त्यामुळं ही किंमत बहुतेकांना परवडते. ज्यादा भरण्याचा `MOD` मात्र 12 वरून 2 करावा लागतो.

पीककर्जाला किंवा किसान क्रेडिट कार्डाला यातलं काहीच लावू नका. तिथं ठरलेला मासिक हप्ता नसतो. उचल आणि भरणा यांच्या दिवसांवर व्याज निघतं.

प्रश्न: शीटचा हप्ता आणि बँकेचा किंवा एजंटाचा आकडा जुळत नाही. कुणाचं खरं?

दोन-चारशे रुपयांचा फरक व्याजाच्या रकान्यात असेल तर तो दिवसांचा आहे. शीट प्रत्येक महिना वर्षाचा बारावा भाग धरते. बँका बहुतेक दिवसांवर व्याज लावतात. १५ लाखांवर ३१ दिवसांचं व्याज ११,४६५.७५ होतं, शीटमध्ये ११,२५०. फेब्रुवारीत उलटा फरक पडतो. तसंच तुम्ही २० तारखेला भरलेली ज्यादा रक्कम शीट हप्त्याच्या दिवशीच भरली असं मानते. बांधकामाच्या टप्प्यांनी कर्ज उचललं असेल तर पूर्ण रक्कम हाती येईपर्यंत बहुतेक ठिकाणी फक्त व्याज घेतात. तेवढे महिने शीटच्या बाहेर ठेवा.

हप्त्यातच शंभर-दोनशेचा फरक असेल तर मंजुरीपत्रात कर्जाची रक्कम बघा. विम्याचा हप्ता किंवा प्रक्रिया शुल्क त्यात मिळवलेलं सापडतं.

फरक मोठा असेल तर दर फ्लॅट आहे का ते विचारा. दुचाकीसाठी किंवा घरातल्या वस्तूंसाठी सांगितलेल्या दराची ही नेहमीची गोष्ट. १ लाख, ३ वर्षं, ८ टक्के फ्लॅट म्हणजे व्याज सरळ २४,००० आणि हप्ता ३,४४४.४४. मुद्दल महिन्यागणिक फिटत असूनही व्याज शेवटपर्यंत पूर्ण लाखावर घेतलं जातं. त्याचा खरा दर असा निघतो:

```
=RATE(36,-3444.44,100000)*12
```

उत्तर सुमारे १४.५५ टक्के. सेलमध्ये नुसतं 0 किंवा 15% दिसलं तर फॉरमॅटमध्ये टक्केवारी निवडून दोन दशांश स्थळं वाढवा. आणि `B2` मध्ये टाकायचा तो हा दर, एजंटानं सांगितलेला ८ नाही.